परदेशातून खान्देशात येणाऱ्या मित्रास: सिम कोणते घ्यावे आणि कागद कोणते आणावेत

डिसेंबर लागला की खान्देशात भरताच्या वांग्यांबरोबर परदेशी गेलेली माणसेही गावात दिसू लागतात. यावल तालुक्यातील माझा एक बालमित्र यंदा पत्नीसह अमेरिकेहून येत आहे. त्याने तेथील नागरिकत्व घेतलेले असून त्याच्याजवळ ओसीआय कार्ड आहे, म्हणजे पूर्वीच्या भारतीयांना व त्यांच्या मुलाबाळांना व्हिसाशिवाय येण्याजाण्याची मुभा देणारे कार्ड. वहिनी जन्माने अमेरिकन आहेत आणि ई-व्हिसावर येत आहेत. "तिकडे उतरल्यावर कोणते सिम घेऊ आणि कागद कोणते आणू?" असे त्याने विचारले होते. दोन ओळींत उत्तर देता येईल असे मला वाटले होते, पण लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले की गेल्या दोन-तीन वर्षांत नियम बरेच बदलले आहेत आणि गावाकडच्या दुकानदारांचाही त्यात गोंधळ उडतो. त्याला पाठवलेला निरोप अशाच तयारीत असलेल्या इतर घरांनाही उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहे.

सिम म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव

मित्रा, सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की कर. सिमकार्ड म्हणून आपल्या हातात पडणारा प्लास्टिकचा तुकडा महत्त्वाचा नसतो. शेत कोणाचे हे जसे बांधावरून ठरत नाही, सातबारा उताऱ्यावर नाव कोणाचे लागले आहे यावरून ठरते, तसेच क्रमांकाचे आहे. कंपनीच्या नोंदवहीत तो क्रमांक ज्याच्या नावावर चढला, त्याचा तो. दुकानात जी कागदपत्रे मागतात ती या नोंदीसाठी. या पडताळणीला केवायसी म्हणतात, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवून घेणे.

तू मागे आलास तेव्हा फॉर्म भरायचा, फोटो चिकटवायचा, झेरॉक्सवर सही करायची आणि दुकानदाराने तो गठ्ठा कंपनीकडे पाठवायचा, अशी पद्धत होती. कागदावरची ही पद्धत १ जानेवारी २०२४ पासून बंद झाली. आता दुकानदार कंपनीच्या ॲपमध्ये तुझा फोटो समोरासमोर काढतो, मूळ कागदाचाही फोटो त्याच ॲपमधून घेतो, आणि फोटो कोठे व केव्हा काढला याची नोंद आपोआप होते. याचा परिणाम असा की झेरॉक्स निरुपयोगी ठरते, व्हॉट्सॲपवर पाठवलेला पासपोर्टचा फोटो चालत नाही, आणि तुझ्या अनुपस्थितीत मी येथे तुझ्यासाठी सिम घेऊन ठेवू शकत नाही. तू स्वतः, तुझा चेहरा आणि तुझा मूळ पासपोर्ट एकाच वेळी दुकानात असणे आवश्यक आहे. वहिनींनाही हेच लागू आहे. दोघांना दोन क्रमांक हवे असतील तर दोघांनी दुकानात यावे.

तुमच्या दोघांचे कागद सारखे नाहीत

भारतीय माणूस आधार कार्डावर पाच मिनिटांत सिम घेऊन बाहेर पडतो. तुझ्याजवळ जुने आधार आहे हे मला ठाऊक आहे आणि दुकानदारही ते आनंदाने स्वीकारील. तरीही ते पुढे करू नकोस. आधार हे मुळात भारतात राहणाऱ्यासाठी आहे, आणि ओसीआय कार्डधारकाला ते मिळण्यासाठी मागील बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात वास्तव्य असावे लागते. तू तेथे वर्षानुवर्षे राहतोस. शिवाय त्या आधाराशी जोडलेला मोबाइल क्रमांक केव्हाच बंद झाला असल्याने पुढे त्याच्याशी संबंधित कोणतेही काम अडेल. तू परदेशी नागरिक आहेस, तेव्हा नोंदही तशीच होऊ दे. पासपोर्ट अमेरिकेचा असताना सिम आधारावर भारतीय म्हणून घेतले, तर दोन ठिकाणी तुझी दोन वेगवेगळी ओळख होते, आणि कधी शंका निघाली तर खुलासा तुला करावा लागेल.

तुझ्यासाठी मूळ पासपोर्ट आणि मूळ ओसीआय कार्ड हे दोन कागद मुख्य. व्हिसाच्या जागी ओसीआय कार्ड दाखवायचे. येथे एक अडचण हमखास येते. ओसीआय कार्डावर जो पासपोर्ट क्रमांक छापलेला असतो, तो कार्ड काढले त्या वेळच्या पासपोर्टचा असतो. नंतर तू पासपोर्ट बदलला असशील तर कार्डावरचा क्रमांक आणि हातातील पासपोर्टचा क्रमांक जुळणार नाही, आणि ज्याने ओसीआय कार्ड आयुष्यात दोनदाच पाहिले आहे असा दुकानदार तेथेच थबकेल. म्हणून जुना, रद्द झालेला पासपोर्टही बॅगेत ठेव. तो समोर ठेवला की दुवा जुळतो.

वहिनींसाठी मूळ पासपोर्ट आणि ई-व्हिसाच्या मंजुरीची छापील प्रत लागेल. ई-व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो. मंजुरी ईमेलने येते, आणि मुंबईला उतरल्यावर इमिग्रेशनचा अधिकारी पासपोर्टवर शिक्का मारतो. मंजुरीची प्रत आणि शिक्क्याचे पान, दोन्ही मिळून त्यांचा व्हिसा होतो. शिक्का नीट उमटला आहे का, तारीख वाचता येते का, हे खिडकीवरून हलण्याआधी पाहून घ्या. पुसट शिक्क्याचा फोटो ॲपमध्ये वाचता आला नाही तर अर्ज परत येतो. त्यांचा क्रमांक व्हिसाच्या मुदतीपुरताच चालेल, हेही त्यांना सांगून ठेव. तुझ्या ओसीआयला तशी अंतिम तारीख नसते, त्यामुळे कंपनीने तुझ्या क्रमांकाला किती दिवसांची मुदत नोंदवली आहे, हे दुकानातच विचारून घे.

तुझा धाकटा भाऊ दुबईहून येणार असेल तर त्याचे प्रकरण सोपे आहे. त्याचा पासपोर्ट भारतीय आहे, तेव्हा तो स्वतःच ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा ठरतो, आणि आधार काढायचे असल्यास भारतीय पासपोर्टधारकाला १८२ दिवसांची अट नाही.

अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसेच, त्याच क्रमाने लिहिलेले असावे. आपल्याकडे नावानंतर वडिलांचे नाव आणि मग आडनाव लावतात. दुकानदार सवयीने तसेच लिहून जातो, आणि तुझ्या पासपोर्टात वडिलांचे नाव नसेल तर तेवढ्यावरून अर्ज नाकारला जाऊ शकतो. त्याने भरलेला मजकूर पुढे पाठवण्यापूर्वी स्वतः वाच.

ओळखदार हा जामीनदार नव्हे

परदेशी नागरिकाकडून दुकानदार येथील पत्ता आणि येथील एखाद्या माणसाचे नाव व मोबाइल क्रमांक मागतो. त्या क्रमांकावर ओटीपी येतो, म्हणजे एकदाच वापरायचा आकडा, आणि तो सांगितला की अर्ज पुढे जातो. जमिनीच्या खरेदीखताच्या वेळी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जसा ओळखदार उभा राहतो आणि हा माणूस तोच आहे एवढेच सांगतो, तशीच ही भूमिका आहे. ओळखदार कर्जाचा जामीनदार नसतो. सिम तुझ्या नावावर, तुझ्या पासपोर्टवर निघते.

हे मुद्दाम लिहितो, कारण तुझे काका या गोष्टीला घाबरतील. "आपले नाव लागले तर उद्या काही लफडे आपल्या गळ्यात येईल," असे ते म्हणाले तर त्यांना ओळखदार आणि मालक यांतील हा फरक समजावून सांग. तरीही त्यांची तयारी नसेल तर मी दुकानात येईन. जो ओळखदार होईल त्याचा फोन त्या वेळी चालू आणि शक्यतो जवळ असावा. माणूस शेतात, फोन घरात, आणि ओटीपीची वेळ संपून गेली, असे एकदा माझ्यासमोर तीन वेळा झाले होते. काही वेळा ईमेलही विचारतात, तेव्हा येथे उघडता येईल असे ईमेल खाते हाताशी ठेव. घराचा पत्ता पिनकोडसह इंग्रजीत एका कागदावर लिहून आण. "मारुतीच्या पाराजवळ" हा पत्ता आपल्याला पुरतो, पण ॲपला पुरत नाही.

"माझ्या आधारावर घे, कशाला एवढा खटाटोप?"

हे वाक्य तुला गावात दिवसातून चार वेळा ऐकायला मिळेल. ते प्रेमापोटी म्हटलेले असेल, आणि एका घरातील माणसे एकमेकांचे फोन वापरतात हेही खरे आहे. पण तुझ्यासाठी दुसऱ्याच्या नावाने नवे सिम काढणे ही वेगळी गोष्ट आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने फसवणूक करून किंवा दुसऱ्याची ओळख वापरून सिम मिळवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली आहे. ती जून २०२४ पासून लागू आहे. चुलतभावाने स्वतःच्या आधारावर सिम घेऊन तुझ्या हातात दिले, तर त्या क्रमांकावरून जे घडेल त्याची पहिली विचारणा त्याच्याकडे होईल, आणि तू तर परत गेलेला असशील. एका माणसाच्या नावावर नऊपेक्षा अधिक क्रमांक ठेवता येत नाहीत. ज्या घरात एकाच आधारावर सगळ्यांची सिमे आहेत, तेथे ही मर्यादा कधी भरली हे घरातल्यांनाही कळत नाही. काकांना पाहायचे असेल तर sancharsaathi.gov.in या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती क्रमांक चालू आहेत ते दिसते, आणि आपले नसलेले क्रमांक तेथेच कळवता येतात.

यात रोजची अडचणही आहे. सिम हरवले, बंद पडले किंवा त्याचे ई-सिम करायचे झाले, की प्रत्येक वेळी मूळ मालकाची ओळख मागतात. म्हणजे तुझ्या कामासाठी चुलतभावाला केळीचा घड कापणे सोडून दुकानात यावे लागणार.

दुसरा मोह तयार सिमचा. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका पाहुण्याने बसस्थानकाजवळच्या टपरीवरून कोणताही कागद न देता चालू सिम घेतले. पाचव्या दिवशी ते बंद पडले. चौकशी केली तेव्हा कळले की ते आधीच दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने सुरू करून ठेवलेले होते आणि पडताळणीत सापडले. पैसे गेल्याचे त्याला फारसे वाटले नाही. पण त्या पाच दिवसांत त्याने तो क्रमांक हॉटेल, गाडीवाला आणि डॉक्टर या सगळ्यांना देऊन ठेवला होता. कागद न मागता कोणी सिम देत असेल तर तेथून निघून ये.

कोणते सिम: आधी फोन पाहा, मग गाव

कंपनी निवडताना लोक पॅकची किंमत पाहतात. दोन जीबी रोज आणि हवे तितके कॉल असा २८ दिवसांचा पॅक साधारण ३०० ते ४०० रुपयांत मिळतो, आणि खाजगी कंपन्यांमध्ये त्यात फारसा फरक नाही. फरक पडतो तो तुझ्या फोनमुळे.

पहिला प्रश्न, तुझा फोन मोकळा आहे का? अमेरिकेत हप्त्यावर घेतलेला फोन बहुतेकदा पैसे फिटेपर्यंत त्याच कंपनीला बांधलेला असतो. त्यात येथील सिम घातले तर ते चालत नाही. आयफोनच्या सेटिंगमध्ये General, मग About, तेथे Carrier Lock समोर No SIM restrictions असे लिहिलेले असेल तर फोन मोकळा आहे. नसेल तर तेथूनच कंपनीशी बोलून तो मोकळा करून घे. येथे आल्यावर यावर काही इलाज नाही.

दुसरा प्रश्न, सिम घालायला जागा आहे का? अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ आणि त्यानंतरच्या फोनांना सिमचा खणच नसतो. त्यांत फक्त ई-सिम चालते, म्हणजे प्लास्टिकशिवाय फोनमध्येच उतरवून घ्यायचे सिम. वहिनींचा फोन तसाच आहे असे तू म्हणाला होतास. जिओ, एअरटेल आणि व्ही या तिन्ही कंपन्या ई-सिम देतात, पण गावातील किरकोळ दुकानदाराजवळ बहुतेक वेळा फक्त साधे सिम असते. तो म्हणेल की आधी साधे घ्या आणि मग मेसेज करून ई-सिममध्ये बदला. तो मेसेज मात्र त्याच नव्या क्रमांकावरून जावा लागतो, आणि खणच नसलेल्या फोनमध्ये ते सिम घालणार कोठे? म्हणून दोन गोष्टी कर. खण असलेला एखादा जुना, मोकळा फोन सोबत आण, आणि शक्यतो कंपनीच्या स्वतःच्या दालनात जाऊन आधीच "ई-सिम हवे" असे सांग. फोनच्या डायलवर *#06# दाबले की आयएमईआय आणि ईआयडी हे दोन लांबलचक आकडे दिसतात. पहिला फोनचा आणि दुसरा त्यातील ई-सिमच्या चिपचा. त्या पडद्याचा फोटो काढून ठेव, दालनात तेच विचारतात. ई-सिम उतरवून घेताना फोनला इंटरनेट लागते, ते वायफायवरून किंवा माझ्या फोनवरून मिळेल. एकदा उतरलेले ई-सिम चुकून पुसू नकोस, कारण ते परत घेण्यासाठी पुन्हा सगळी खटपट करावी लागते.

तिसरा प्रश्न कॉलचा आहे. जिओचे जाळे केवळ ४जी आणि ५जीचे आहे. त्यावर कॉलही इंटरनेटच्याच मार्गाने जातो, याला व्होल्टे म्हणतात. तुझ्या फोनात येथील कंपनीसाठी व्होल्टेची सोय चालू होत नसेल तर इंटरनेट झकास चालेल आणि कॉल मात्र लागणार नाही. एअरटेल आणि व्ही यांचे जुने २जी जाळेही चालू आहे, त्यामुळे व्होल्टे न जमल्यास कॉल त्या जुन्या वाटेने जातो. नव्या आयफोनला ही अडचण सहसा येत नाही. अमेरिकेतल्या कमी प्रचलित कंपनीच्या अँड्रॉइड फोनला ती येऊ शकते, आणि तुझा फोन त्यांपैकी आहे. म्हणून माझा सल्ला असा की तुझ्यासाठी एअरटेल घ्यावे. वहिनींच्या आयफोनला जिओ किंवा एअरटेल यांपैकी कोणतेही चालेल. पण घरात दोन वेगळ्या कंपन्या असल्या तर एकीचे जाळे गेले तरी दुसरी हाताशी राहते, या विचाराने मी त्यांच्यासाठी जिओ सुचवतो.

आता गावाचा विचार. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या शहरांत हा प्रश्नच उद्भवत नाही. सातपुड्याकडे सरकू लागलो की चित्र पालटते. पाल, तोरणमाळ, धडगाव, मोलगी या भागांत डोंगराच्या एका वळणावर एका कंपनीचे जाळे असते आणि पुढच्या वळणावर नसते. तेथे जायचे असेल तर नकाशावरच्या रंगांवर विसंबू नकोस. त्या गावात राहणाऱ्या माणसाला फोन कर आणि त्याच्या घरात कोणत्या कंपनीचा फोन लागतो ते विचार, अंगणात लागतो तो नव्हे. तुमच्या जुन्या धाब्याच्या घरातही हेच होते. मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे छत, त्यामुळे ओट्यावर चार काड्या दिसतात आणि माजघरात एकही नाही. काकांकडे वायफाय आहे, तेव्हा फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू कर. मग कॉल त्याच वाटेने येतील.

रावेरहून बऱ्हाणपूरला, शिरपूरहून सेंधव्याला किंवा नवापूरहून गुजरातेत गेलास की फोन दुसऱ्या राज्याच्या मनोऱ्याला जोडला जाईल. देशांतर्गत रोमिंगसाठी आता वेगळे पैसे पडत नाहीत, तेव्हा त्याची काळजी नको.

मुंबईत घ्यावे की जळगावात?

विमानतळावरचे विक्रेते रोज परदेशी पासपोर्ट हाताळतात, ही त्यांची जमेची बाजू. पॅक थोडा महाग असतो, पण तो फरक सोसता येईल. माझी शंका वेगळी आहे. दूरसंचाराच्या हिशेबात मुंबई हे एक सर्कल आहे, तर जळगाव हे महाराष्ट्र आणि गोवा या दुसऱ्या सर्कलमध्ये येते. सर्कल म्हणजे कंपन्यांच्या कारभाराचा विभाग. मुंबईचे सिम जळगावात चालते, पण अर्ज परत आला, सिम हरवले किंवा ई-सिम अडकले, तर ज्याने ते दिले तो चारशे किलोमीटर दूर राहतो. परदेशी नागरिकाच्या अर्जाची कंपनी पुन्हा तपासणी करते, आणि सिम कधी काही तासांत, तर कधी दुसऱ्या दिवशी सुरू होते. या मधल्या काळात दुकानदार जवळ असणे फार मोलाचे असते.

तुझ्या बेताप्रमाणे पाहू. तू १२ डिसेंबरच्या रात्री उतरशील आणि सकाळच्या गाडीने जळगावला येशील. त्या प्रवासापुरते तुझ्या अमेरिकन क्रमांकाचे रोमिंग वापर, किंवा निघण्यापूर्वीच घरबसल्या मिळणारे प्रवासी ई-सिम घेऊन ठेव. त्यावर इंटरनेट मिळते, भारतीय क्रमांक मिळत नाही, पण व्हॉट्सॲपवर आपले बोलणे होईल. १३ तारखेला स्टेशनवरून आपण थेट कंपनीच्या दालनात जाऊ. तुझे नाव, कागद, फोटो, माझ्या फोनवर ओटीपी, मग वहिनींचे. दोघांसाठी तासभर धरून चाल. दालनातून निघताना अर्जाचा क्रमांक आणि तेथील फोन क्रमांक लिहून घे. सिमला जाळे आले की ते सांगतील त्या छोट्या क्रमांकावर फोन करून पडताळणी पूर्ण करायची, ही पायरी विसरली की इंटरनेट सुरू होत नाही.

पॅकचे दिवस मोजून घे. १३ डिसेंबरला सुरू केलेला २८ दिवसांचा पॅक ९ जानेवारीला संपतो, आणि तू जाणार १८ जानेवारीला. तेव्हा एकतर अधिक दिवसांचा पॅक घे, किंवा ९ तारखेला दुसरा रिचार्ज कर. अमेरिकन कार्डाने येथील ॲपवर रिचार्ज पुष्कळदा होत नाही. मी माझ्या फोनवरून करून देईन, तू मला रोख दे.

चालत नसेल तर काय बिघडले हे कसे ओळखावे

फोनवर "हे सिम चालणार नाही" अशा अर्थाची सूचना दिसली, तर फोन कंपनीला बांधलेला आहे, सिमचा दोष नाही. जाळेच येत नसेल आणि दोन दिवस उलटले असतील, तर अर्ज अडकला आहे. दालनात फोन करायचा. इंटरनेट चालते पण कॉल लागत नाही, तर व्होल्टेची सेटिंग पाहायची. सगळे सुरळीत चालू असताना आठवड्याभराने एकाएकी बंद पडले, तर कागदांच्या तपासणीत काही जुळले नाही, आणि मूळ कागद घेऊन पुन्हा जावे लागेल. सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहिले तर दोष फोनचा की सिमचा हे एका मिनिटात कळते, त्यासाठीही तो जुना फोन उपयोगी पडेल.

"नंबर मिळाला म्हणजे फोनपे चालेल ना?"

नाही. यूपीआय, म्हणजे क्यूआर कोडवर पैसे देण्याची सोय, बँक खात्यावर चालते, आणि त्या खात्यात तोच मोबाइल क्रमांक नोंदलेला असावा लागतो. तुझे येथील अनिवासी खाते आहे, पण त्यात तुझा अमेरिकन क्रमांक नोंदलेला आहे. तो तात्पुरत्या क्रमांकाने बदलू नकोस. महिन्याभराने तो क्रमांक बंद होईल आणि बँकेचे ओटीपी कोठे जातील ते तुला कळणारही नाही. काही रक्कम रोख ठेव. आठवडे बाजारात सुट्या पैशांशिवाय अजूनही अडते.

अमेरिकन सिम फोनमध्ये चालू राहू दे, कारण तुझ्या तेथील बँकेचे मेसेज त्यावरच येतील. फक्त त्याचे डेटा रोमिंग बंद कर, आणि इंटरनेटसाठी भारतीय सिम निवड. वहिनींच्या फोनमध्ये दोन्ही ई-सिमे एकाच वेळी राहतात, तेव्हा त्यांनाही हेच करता येईल.

१७ जानेवारीच्या रात्री अर्धा तास काढून भारतीय क्रमांक ज्या ज्या ठिकाणी दिला आहेस तेथून काढून टाक: टॅक्सीचे ॲप, रेल्वेचे खाते, आणि त्या क्रमांकावर व्हॉट्सॲप उघडले असशील तर तेही. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस पडून राहतो आणि नंतर दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो. त्या माणसाच्या फोनवर तुझे निरोप जाऊ नयेत. जाताना जुना फोन मात्र माझ्याकडे ठेवून जा, पुढच्या वर्षी तुझा भाऊ येईल तेव्हा तो लागेल.